पुसलेली सायकल परत मागितली तर?

“फोटोतली नको असलेली वस्तू काढायला लेयर-मास्कचा पसारा कशाला? Ctrl+J मारून कॉपी घ्या, तिच्यावरच सगळं पुसा. मूळ फोटो खाली शाबूत असतोच. चुकलं तर हिस्ट्री आहे. आणि स्मार्ट ऑब्जेक्ट तर करूच नका, त्यावर क्लोन स्टॅम्प चालत नाही, वर फाईल फुगते ती वेगळीच.”

फोटोशॉपबद्दलचा असा सल्ला ऐकू येतो. त्यातलं हिस्ट्रीचं आधी उरकतो. फोटोशॉप मुळात 50 पायऱ्या लक्षात ठेवतं. Preferences मध्ये जाऊन हा आकडा 1000 पर्यंत नेता येतो, पण क्लोन स्टॅम्पचा प्रत्येक फटकारा ही एक पायरी असते आणि एक लांब वायर पुसताना पन्नास फटकारे कधी झाले ते कळतही नाही. शिवाय फाईल बंद केली की हिस्ट्री संपली. बदल सांगणारा फोन मात्र बहुतेक वेळा त्यानंतरच येतो.

कॉपीचा सल्ला अर्धा बरोबर आहे, आणि म्हणूनच तो जास्त फसवतो. मी स्वतः बरीच वर्षं असंच काम केलं. एका फोटोत दगडी भिंतीपुढे एक माणूस उभा होता. शेजारी भिंतीला टेकवलेली सायकल, सायकलची भिंतीवर पडलेली सावली आणि हँडलच्या मागून तिरकी गेलेली एक वायर. तिन्ही गोष्टी मी एकाच कॉपीवर पुसल्या. काम छान दिसत होतं. तीन आठवड्यांनी निरोप आला: सायकल राहू दे, वायर मात्र नको.

आता मूळ फोटो खाली आहे हे खरं. कॉपीला मास्क लावून सायकलच्या जागी काळा रंग भरला की खालची सायकल दिसते. पण तिच्याबरोबर हँडलमागचा वायरचा तुकडाही परत येतो, कारण मूळ फोटोत दोन्ही आहेत. कॉपीवर वायर आणि सायकल पुसल्याचे पिक्सेल एकमेकांत मिसळून गेलेले. त्यातलं फक्त एक काम मागे घ्यायची सोयच उरलेली नव्हती. वायर पुन्हा पुसावी लागली, तीही या वेळी हँडल सांभाळत.

म्हणून आता प्रत्येक वस्तूसाठी वेगळा रिकामा लेयर घेतो आणि त्याला वस्तूचंच नाव देतो. क्लोन स्टॅम्प किंवा हीलिंग ब्रश घेतला की वरच्या पट्टीतला Sample हा पर्याय Current & Below वर ठेवायचा. मग ब्रश खालच्या फोटोतून नमुना उचलतो आणि रंगवतो रिकाम्या लेयरवर. Edit > Content-Aware Fill वापरायचं असेल तर Output To मध्ये New Layer निवडायचं.

लेयर कोणत्या क्रमाने लावायचे, याचाही विचार लागतो. परत मागितली जाण्याची शक्यता सगळ्यात कमी असलेली वस्तू सगळ्यात खाली. या फोटोत ती वायर. तिच्यावर सावली, आणि सर्वांत वर सायकल. असं का? सायकलवर जो भिंतीचा पॅच बसतो, तो वायर आधीच पुसलेल्या भिंतीतून उचललेला असतो. उद्या वायर परत हवी झाली, तर ती या पॅचपाशी येऊन तुटलेली दिसेल. उलट सायकलचा आणि सावलीचा डोळा बंद केला तर खालची भिंत वायरशिवाय तशीच राहते.

राहतो तो हँडलचा प्रश्न. वायर पुसताना ब्रश हँडलवरून गेलेला असेल, तर सायकल परत आल्यावर हँडल मध्येच खाल्लेलं दिसतं. इथे मास्क कामाला येतो. वायरच्या लेयरला मास्क लावायचा आणि हँडलवर काळ्या रंगाने रंगवायचं. हँडलची कड फोटोत जितकी स्पष्ट असेल तितका ब्रश कडक हवा. मऊ ब्रश घेतला तर कडेला वायरचा धुरकट अंश राहतो. जास्त पुसलं गेलं तर X दाबून पांढऱ्या रंगाने तेवढंच परत झाकायचं. इरेझरने खोडलं असतं तर हे जमलं नसतं.

फाईल फुगण्याचं म्हणाल, तर हिशोब करून बघा. 6000 × 4000 पिक्सेलचा 16 बिटचा फोटो म्हणजे साधारण 144 एमबीचा डेटा, आणि अख्खी कॉपी घेतली की तेवढीच भर. 400 × 600 पिक्सेलचा पॅच असलेला लेयर, पारदर्शकतेचा चॅनल धरूनसुद्धा, 2 एमबीच्या आतच. स्मार्ट ऑब्जेक्टने फाईल वाढते, हे मात्र मान्य.

आता स्मार्ट ऑब्जेक्ट. त्यावर थेट रंगवता येत नाही, हे खरं आहे. पण म्हणून ते रास्टराइज करून मोकळं होणं ही मोठी चूक, कारण तिथे फिल्टर फोटोत कायमचे मुरतात आणि नंतर बदलता येत नाहीत. अनेक जण यावर उपाय म्हणून स्मार्ट ऑब्जेक्टच्या वर रिकामा लेयर घेऊन पुसतात. ते चालतं, पण खालचा फिल्टर बदलेपर्यंतच. समजा कॅमेरा रॉ फिल्टरमध्ये Shadows +20 वर होतं आणि नंतर ते +45 केलं. भिंत उजळते, वरचा पॅच मात्र जुन्याच उजेडात राहतो आणि सायकलच्या आकाराचा काळपट डाग भिंतीवर उमटतो. लेन्सचं किंवा उभ्या रेषांचं करेक्शन बदललं तर त्याहून वाईट: दगडांचे सांधे पॅचच्या कडेला जुळेनासे होतात.

पॅचची जागा फिल्टरच्या खाली, म्हणजे स्मार्ट ऑब्जेक्टच्या आत आहे. मूळ फोटो आणि पुसण्याचे सगळे लेयर एकत्र निवडून Convert to Smart Object करायचं आणि कॅमेरा रॉ फिल्टर त्या एकत्र पुडक्यावर लावायचा. नंतर काही बदलायचं असेल तर लेयरच्या थंबनेलवर डबल क्लिक. आतली फाईल वेगळ्या खिडकीत उघडते, तिथे सगळे लेयर आणि मास्क जसेच्या तसे असतात आणि क्लोन स्टॅम्पही चालतो. काम झालं की Ctrl+S. Save As करून दुसरीकडे ठेवलं तर बाहेरच्या फोटोत काहीच बदलत नाही. पुष्कळ जण इथेच अडतात.

या पद्धतीत एक अडचण आहे. आत काम करताना बाहेरचा फिल्टर दिसत नाही. अंधाऱ्या भागातला पॅच आत बेमालूम वाटतो आणि बाहेर सावल्या उचलल्या की त्याची शिवण उघडी पडते. यासाठी मी आत सगळ्यात वर एक कर्व्हज लेयर ठेवतो आणि त्यात अंधारा भाग मुद्दाम खूप वर उचलतो. शिवण लगेच दिसते आणि तिथल्या तिथे नीट करता येते. मात्र अशा वेळी Sample चुकूनही All Layers वर नको, नाहीतर कर्व्हजने उजळलेला नमुना पॅचमध्ये उतरतो, त्यावर कर्व्हज पुन्हा लागतो आणि पॅच भिंतीपेक्षा फिकट दिसतो. तपासून झालं की कर्व्हजचा डोळा बंद करायचा आणि मगच सेव्ह करायचं.