पोटावर मोजे, डोक्यावर पाऊस

आमचा तीन दिवसांच्या ट्रेकचा बेत होता, अंजनेरी, ब्रह्मगिरी आणि शेवटी हरिहर, आणि तोही ऐन जुलैमधे. दुसऱ्या संध्याकाळी हरिहरच्या पायथ्याला हर्षेवाडीत एका घरी मुक्कामाला टेकलो तेव्हा बुटातून चालताना पचक पचक असा आवाज येत होता, जणू प्रत्येक पायाखाली एकेक बेडूक. वीज दुपारपासून गेलेली. हीटर, ड्रायर वगैरे नाशिकला कपाटात सुखरूप कोरडे.

मी पहिल्यांदा जे केलं ते सगळेच नवखे करतात, पडवीत दोरी बांधली आणि सगळं टांगलं. दोन तासांनी हात लावला तर मोजे तसेच, उलट जॅकेट आणखी ओलं वाटलं. मावशी चुलीपाशी बसून हसत होत्या, म्हणाल्या, "अहो दादा, पावसाळ्यात दोरीवर कपडे फक्त थकतात, वाळत नाहीत." बरोबरच आहे, हवाच पाण्याने तुडुंब भरलेली, ती तुमचं पाणी घेणार कुठे? म्हणजे अशा रात्री वाळवणं विसरायचं, पाणी कुणाला तरी पाजायचं आणि उरलेलं अंगाच्या उबेवर सोडायचं.

बुटाचं पाणी पेपर पितो. आमच्या ग्रुपमधला अनुभवी दादा घरून रद्दी घेऊन आला होता, तीही दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून (मी पण आणली होती, सॅकच्या बाहेरच्या खिशात, तिचा लगदा झाला होता). आधी आतले सोल काढायचे, लेस पार सैल करायची, जीभ पुढे ओढायची, फडक्याने आतून टिपायचं आणि मग पेपरचे सैलसर बोळे टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत घालायचे. ठासून भरले तर मधे हवा राहत नाही. खरी गंमत पुढे आहे, तासाभराने ते बोळे काढून नवीन घालायचे, कारण भिजलेला पेपर रात्रभर तसाच ठेवला तर तो बुटाला ओलाच धरून बसतो. पुरवणीची चकचकीत पानं नकोत, ती पाणी पीत नाहीत. साडेआठ, साडेनऊ आणि अकरा असे तीन हप्ते दिले, शेवटच्या हप्त्यात लासलगावचे कांद्याचे भाव बुटात गेले आणि फक्त टोकाला दमट होऊन बाहेर आले. म्हणजे समजायचं झालं, टोक सगळ्यात शेवटी मानतं. तरी बूट कोरडे नव्हते हं, फक्त पचकन बंद झालं होतं, आणि ज्याचे बूट वॉटरप्रूफ होते त्याचे तर तेवढेही नाही, त्यात पाणी एकदा शिरलं की त्याला बाहेरची वाट पण बंद!

मोज्यांची पद्धत जरा निर्लज्ज आहे. आधी पिळायचे, मग कोरड्या नॅपकिनमधे गुंडाळी करून तिच्यावर उभं राहायचं, नॅपकिन ओला झाला की काम झालं. मग ते टीशर्टच्या आत, पोटावर सपाट पसरून झोपायचं. पहिली पाच मिनिटं आईची आठवण येते. पण पातळ सिंथेटिक मोजे पहाटेपर्यंत खरंच वाळले. माझे जाड सुती मोजे मात्र सकाळी फक्त कोमट झाले होते. आणि झोपायची एक कोरडी जोडी वेगळी ठेवायची, ती ट्रेकमधे कितीही मोह झाला तरी घालायची नाही.

एका मित्राने हुशारी केली, बाटलीत गरम पाणी भरून तिच्यावर मोजा चढवला. युक्ती चांगली आहे, फक्त बाटली एका पत्र्याची हवी, याने थर्मास घेतला. सकाळी पाणी चहाइतकं गरम आणि मोजा ओला गार.

जॅकेटचं थोडक्यात सांगतो. बाहेरचं पाणी झटकून जातं, आतला ओलावा बराचसा आपल्याच घामाचा असतो, म्हणून उलटं करून आतून पुसलं आणि वाऱ्याच्या बाजूला टांगलं. सकाळी दमटच होतं, घातलं, पाच मिनिटांत पाऊस आलाच.

आता चूल. मावशींनी आधीच सांगितलं होतं, बूट लांब ठेवा, हात धरून सोसवेल इतकी ऊब बास. पण थर्मासवाल्याला धीर नव्हता, रात्री कधीतरी त्याने बूट निखाऱ्यांपाशी सरकवले. सकाळी डाव्या बुटाचा सोल पुढून उघडून मगरीसारखा आ करून बसला होता, गोंद पार सुटलेला. सुतळीने बांधून बघितला, पण हरिहरच्या त्या उभ्या दगडी पायऱ्यांवर तसा कोण नेणार, आम्ही त्याला घरीच बसवला.

दुपारी उतरून परत आलो तर स्वारी मावशींच्या मालकांचे प्लॅस्टिकचे बूट घालून खाचरात लावणी बघत उभी. मालक आमच्याबरोबरच चिखलातून आले होते, दारात त्यांनी दुसऱ्या जोडीवरून एकदा फडकं फिरवलं, ठेवली कोपऱ्यात, आणि विचारलं, "तुमचे वाळले का?"