जांभळा रंग आणि ११० टक्के

«ॲस्पिरिनच्या प्रॅक्टिकलला फेरिक क्लोराईड टाकल्यावर जांभळा रंग आला की ॲस्पिरिन तयार झालं. यील्ड जितकं जास्त तितका प्रयोग चांगला, शंभराच्या वर आलं तरी तसंच लिहा.»

रत्नागिरीत बी.एस्सी. करणाऱ्या माझ्या भाचीने हा संदेश खरा मानून जर्नल पूर्ण केले होते, म्हणून हे लिहावे लागत आहे.

रंगाची गोष्ट तर सरळ उलटी आहे. ज्यापासून ॲस्पिरिन बनवतात त्या सॅलिसिलिक आम्लाच्या वलयाला थेट जोडलेला एक हायड्रॉक्सिल गट असतो. लोह त्याच्याशी बांधले जाते आणि जांभळा रंग दिसतो. ॲसेटिक ॲनहायड्राईड नेमका तोच गट झाकून टाकतो, आणि तो गट झाकलेले सॅलिसिलिक आम्ल म्हणजेच ॲस्पिरिन. त्यामुळे जांभळा रंग आला, तर मूळ पदार्थ शिल्लक आहे एवढेच त्यातून कळते. भारतीय फार्माकोपियातही ॲस्पिरिनमधील मुक्त सॅलिसिलिक आम्ल अशुद्धी म्हणूनच मोजले जाते. चाचणी करताना तीन परीक्षानळ्या घ्याव्यात: एकीत शुद्ध सॅलिसिलिक आम्ल, दुसरीत आपले स्फटिक, तिसरीत नुसता विद्रावक. तुलनेशिवाय «फिकट» आणि «गडद» या शब्दांना अर्थ नाही.

एवढे मान्य करावे लागेल की चांगले बनवलेले ॲस्पिरिनही पुढे जांभळा रंग देऊ शकते. दमट हवेत राहिले की त्याचे हळूहळू जलविघटन होऊन पुन्हा सॅलिसिलिक आम्ल सुटते, आणि बाटली उघडताच व्हिनेगरसारखा वास येतो. तरीही तो रंग ॲस्पिरिनचा नसतोच.

आता यील्ड. भाचीने २.०० ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल आणि ५ मिलि ॲसेटिक ॲनहायड्राईड घेतले होते. ॲनहायड्राईड भरपूर जास्त असल्यामुळे हिशेब सॅलिसिलिक आम्लावरूनच करायचा: २.०० भागिले त्याचा रेणुभार १३८.१, गुणिले ॲस्पिरिनचा रेणुभार १८०.२, म्हणजे जास्तीत जास्त २.६१ ग्रॅम. तिने गाळणीवरचे स्फटिक लगेच तोलले, ते २.८७ ग्रॅम भरले, आणि जर्नलमध्ये ११० टक्के लिहिले गेले. घेतलेल्या आम्लातून जेवढे बनूच शकत नाही तेवढे वजन भरले, तर त्यात दुसरे काहीतरी असणारच. इथे ते पाणी होते. आमच्याकडे श्रावणात दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत, तिथे वॉच ग्लासवर रात्रभर उघडे ठेवलेले स्फटिक काय वाळणार! मी तिला ते डेसिकेटरमध्ये ठेवायला आणि लागोपाठ दोन वजने सारखी येईपर्यंत तोलायला सांगितले. वजन २.१४ ग्रॅमवर स्थिरावले, म्हणजे ८२ टक्के.

त्या कोरड्या स्फटिकांनीही स्पष्ट जांभळा रंग दिला, म्हणजे त्या ८२ टक्क्यांतही सगळे ॲस्पिरिन नव्हते. थोड्या कोमट इथेनॉलमध्ये विरघळवून, पाणी घालून, सावकाश थंड करून पुन्हा स्फटिक काढल्यावर वजन १.७४ ग्रॅम भरले आणि रंगाची जेमतेम छटा उरली. तिच्या जर्नलमध्ये आता ६७ टक्के लिहिले आहे, आणि त्याखाली: «फेरिक क्लोराईडने अतिशय फिकट जांभळी छटा, सॅलिसिलिक आम्लाचा अंश शिल्लक.»