सहा लाखांचे बावन्न लाख? वटाव विसरलात

«पुण्यात दोन वर्षांचं एमबीए, फी ६ लाख. आज पगार १८ हजार, नंतर ३० हजार. महिन्याला १२ हजार जास्त, ३६ वर्षांत ५१ लाख ८४ हजार! खर्च फक्त फीचा. बँक कर्ज देते, व्याजावर करसवलतही मिळते. विचार करत बसू नका, अ‍ॅडमिशन घ्या.»

हा मेसेज आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर तीनदा आला. तिसऱ्यांदा भाच्यानेच टाकला. तो बीकॉम झालाय, वय २२, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो आणि पगार बरोबर १८ हजार. खाली लिहिलं होतं, «मामा, बघा ना जरा.» बघितलं. गुणाकार बरोबर आहे, पण हिशेब चुकलाय.

आधी त्या बावन्न लाखांचं बघू. मी वीस वर्षं चादरी-टॉवेलच्या व्यापाऱ्यांच्या वह्या लिहितोय. रोख पैसे देणाऱ्याला वटाव, म्हणजे किमतीत सूट, मिळतो आणि नव्वद दिवसांच्या उधारीला मिळत नाही, हे इथल्या हमालालाही ठाऊक असतं. उद्याचा रुपया आजच्या रुपयापेक्षा हलका, म्हणून तो वटवूनच मोजायचा. नव्वद दिवसांना वटाव लावणारी माणसं अडतीस वर्षांनी मिळणारा पैसा मात्र पुऱ्या किमतीने धरतात, ते कसं?

वटाव किती धरायचा हा खरा प्रश्न. शिक्षणकर्ज समजा ११ टक्क्यांनी मिळतं आणि महागाई ५ टक्के आहे. पगार महागाईबरोबर वाढतच जाणार, म्हणून सगळे आकडे आजच्याच रुपयांत ठेवायचे आणि वटाव दोन्हींमधल्या फरकाचा, म्हणजे साधारण ६ टक्के लावायचा. (आकडे आजचे आणि वटाव पुरा ११ टक्के, असं केलं तर महागाई दोनदा कापली जाते. ही चूक शिकलेली माणसंही करतात.) एक्सेलमध्ये हे एका ओळीचं काम आहे:

```
=PV(0.06,36,-144000)/1.06^2
```

वर्षाला १ लाख ४४ हजार जास्त, ३६ वर्षं, आणि शेवटी दोन वर्षांचा वटाव, कारण ती दोन वर्षं वर्गात जाणार. उत्तर येतं १८ लाख ७४ हजार. साठाव्या वर्षी मिळणाऱ्या १ लाख ४४ हजारांची आजची किंमत जेमतेम पंधरा-सोळा हजार निघते. आणि या पावणेएकोणीस लाखांतला निम्मा भाग नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांतच येतो. म्हणून 'सुरुवातीला कमी मिळालं तरी पुढे भरून निघेल' हे वाक्य मला पटत नाही. पुढे भरायला खूपच जास्त मिळावं लागतं.

आता खर्च. फीचा दुसरा हप्ता वर्षाने जातो, म्हणून सहा लाखांची आजची किंमत ५ लाख ८३ हजार. एवढी सूट मेसेजवाल्याला मिळते. पण दोन वर्षं भाच्याचा पगार बंद राहणार. वर्षाला २ लाख १६ हजार, वटवून दोन वर्षांचे ३ लाख ९६ हजार. हे पैसे खिशातून जात नाहीत म्हणून कुणी खर्चात धरत नाही. पण घरात येणारे पैसे थांबले की किराणा दुकानाची वही लगेच सांगते.

राहण्या-खाण्याचं उलटं होतं. तिथे लोक पुण्यातला सगळा खर्च धरतात. सोलापुरात राहिला तरी तो जेवणारच आहे, म्हणून फक्त वरचा खर्च धरायचा. खोली, मेस आणि हुतात्मा एक्सप्रेसच्या फेऱ्या मिळून घरच्यापेक्षा महिन्याला ६ हजार जास्त धरले, तर दोन वर्षांचे १ लाख ३२ हजार होतात. सगळं मिळून खर्च ११ लाख ११ हजार.

इतकं करूनही सौदा साडेसात लाखांनी फायद्यातच दिसतो, हे मान्य करतो. खरी गडबड त्या १२ हजारांत आहे.

तुलना आजच्या १८ हजारांशी का? भाचा कारखान्यातच राहिला तर चोविसाव्या वर्षी तो जीएसटीची विवरणपत्रं एकटा भरत असेल आणि महागाई सोडूनही पगार २१ हजारांच्या आसपास गेलेला असेल. म्हणजे एमबीएचा फरक १२ नव्हे, ९ हजार. फायदा लगेच २ लाख ९४ हजारांवर उतरतो.

मग ते ३० हजार तपासले. कॉलेजच्या माहितीपत्रकात '३.६ लाखांचं पॅकेज' लिहिलंय, त्याला बाराने भागून हा आकडा काढलाय. पॅकेजमध्ये मालकाचा पीएफचा वाटा असतो. मूळ पगार १५ हजार असेल तर तो १,८०० रुपये. वर ग्रॅच्युइटीचे सातशेच्या घरात. भाच्याचे १८ हजार मात्र पगारपत्रकावरचे, मालकाचा वाटा न धरलेले. एक तर तो दोन्हीकडे धरा, नाहीतर दोन्हीकडून काढा. काढला की ३० चे साडेसत्तावीस होतात, फरक साडेसहा हजारांवर येतो आणि सौदा ९६ हजारांनी तोट्यात जातो.

मी भाच्याला एकच आकडा कागदावर लिहून दिला: ७,१००. अकरा लाख अकरा हजार वसूल व्हायला महिन्याला एवढा फरक निवृत्तीपर्यंत टिकायला हवा. फरक त्याहून जास्त असेल तर जा, कमी असेल तर नको.

तो फरक किती पडेल, हे 'सरासरी पॅकेज'वरून कळत नाही. ती सरासरी बहुतेक वेळा नोकरी लागलेल्यांचीच असते. न लागलेले भाजकातच नसतात. साठांच्या वर्गात दोघांना मोठी नोकरी लागली की सरासरी वर चढते, म्हणून मधल्या, म्हणजे तिसाव्या मुलाला किती मिळाले ते विचारायचं. शिवाय ज्यांना चांगली नोकरी लागते त्यांतले काही असे चुणचुणीत असतात की एमबीए न करताही ते पुढे गेलेच असते. त्यांचा सगळा जास्तीचा पगार डिग्रीच्या खात्यात जमा करता येत नाही.

कर्जाबद्दल थोडंच. वटाव कर्जाच्या दरावरूनच धरलाय, त्यामुळे व्याज त्यातच आलं. हप्त्यांची बेरीज पुन्हा खर्चात घालू नका. आणि व्याजावरची वजावट नव्या करप्रणालीत मिळत नाही. एवढ्या पगारावर कर लागतच नाही, मग वाचणार काय?

'शिक्षणाचं मोल पैशात करू नका,' असं ताईने ग्रुपवर लिहिलं. ताई, पैशाची भाषा मेसेजनेच सुरू केली. पुण्याची ओळख, मित्र, इंग्रजीत बोलायची भीड मोडणं, हे हवं असेल तर जरूर घ्यावं. आपल्या हिशेबात त्याची किंमत ९६ हजार पडते आणि ती फार नाही, असं माझंही मत आहे. फक्त ती दिली जातेय हे माहीत असावं.

नोकरी न सोडता इथेच राहून शिकायचं म्हटलं तर गणित फारच बदलतं. समजा फी वर्षाला ६० हजार. पगार बंद नाही, खोली नाही. वसुलीला महिन्याला साडेसातशेचा फरक पुरतो. अशा डिग्रीला मालक किती भाव देतात, हे भाच्याने स्वतःच्या मालकाला विचारायचं ठरवलंय. पुण्याच्या कॉलेजला त्याने मागच्या बॅचचा मधला आकडा फोनवर विचारला. त्यांनी माहितीपत्रक पुन्हा पाठवलं.