माप चुकलं नाही ताई, फरशी वर आली

"बाल्कनीच्या काचेच्या रेलिंगचं काम यांना दिलं होतं. यांनी माप चुकवलं, चारही काचा परत बनवल्या आणि त्याचे ३९ हजार आमच्याकडूनच घेतले. २१ दिवस उशीर. समुद्र दिसावा म्हणून काच लावली तर वर जाड पाइप बसवून ठेवलाय, खुर्चीत बसलं की नेमका डोळ्यासमोर. फोन उचलत नाहीत. एकच स्टार, तोही नाइलाजाने."

नमस्कार ताई. उशीर झाला आणि तुमचे फोन उचलले गेले नाहीत, याबद्दल मनापासून माफी मागतो. नव्या काचा १८ मेला आल्या आणि आम्ही त्या २३ला बसवल्या. ते मधले पाच दिवस सरळ आमची चूक आहे. माझी पोरं गणपतीपुळ्याच्या एका कामात अडकली होती, आणि ते तुम्हाला सांगायचं सोडून मी फोन टाळला. तसं करायला नको होतं.

पण 'माप चुकवलं' हे वाचून फार लागलं. मी रत्नागिरीत एकोणीस वर्षं रेलिंगचं काम करतोय. नवं गिऱ्हाईक आधी इथले अभिप्राय वाचतं आणि मगच फोन लावतं. रेलिंगवाल्याचं माप चुकतं असं एकदा वाचलं, की नवव्या मजल्याचं काम माझ्याकडे कोण देईल? म्हणून हे थोडं लांबलं तरी सगळं लिहितो.

९ एप्रिलला मी स्वतः माप घेतलं, तेव्हा दादा तिथेच उभे होते. जुन्या फरशीपासून तुमचा सिमेंटचा कठडा २०० एमएम उंच होता. त्यावर काच आणि पाइप मिळून ९०० धरले, म्हणजे फरशीपासून एकूण ११०० एमएम. काच ज्यात उभी राहते ते चॅनेल कठड्याच्या आतल्या कडेला लावायचं ठरवलं, ते मुद्दाम. बाहेरच्या कडेला लावलं असतं तर आत चार बोटं रुंद पायरी उरली असती, आणि लहान मूल पहिला पाय तिथेच ठेवतं.

२ मेला आम्ही काचा घेऊन आलो तेव्हा बाल्कनी वेगळीच होती. जुन्या फरशीवर उताराचा कोबा, त्यावर नवी टाइल आणि त्यावर लाकडासारखा दिसणारा डेक टाकला होता. दिसायला सुरेख होतं, त्यात वाद नाही. पण मी तिथेच टेप लावला तर फरशी ११० एमएम वर आली होती. कठडा २०० चा ९० राहिला. त्यावर माझे ९०० धरले तर एकूण ९९०.

तेव्हा दादा म्हणाले, "मीटरच की झाला, दहा एमएमने काय होतंय?" घाईत मला नीट सांगता आलं नाही, ते आता सांगतो. राष्ट्रीय इमारत संहितेत बाल्कनीच्या कठड्याची उंची कमीत कमी १ मीटर सांगितली आहे, आणि ती तयार झालेल्या फरशीपासून, म्हणजे माणूस ज्यावर उभा राहतो तिथून मोजायची. स्लॅबपासून किंवा जुन्या टाइलपासून नाही. उभ्या माणसाचा तोल त्याच्या उंचीच्या निम्म्याहून जरा वर असतो. पावणेसहा फुटी माणसाचा साधारण ९६-९७ सेंटीमीटरवर. रेलिंग त्याच्या खाली गेलं तर झोक गेलेला माणूस रेलिंगवर आपटून आत पडत नाही, तो वरून बाहेर जातो. दोन-तीन सेंटीमीटरच्या फरकावर नवव्या मजल्याचं काम मी सोडू शकत नाही. म्हणून मी कधीच मीटरभरावर थांबत नाही, ११०० तरी धरतोच.

आणि खरी भीती मला त्या दहा एमएमची नव्हतीच. भीती होती बसायच्या कट्ट्याची. डेकबरोबरच तुम्ही रेलिंगला लागून गादीचा कट्टा करून घेतला होता, डेकपासून ४०० एमएम उंच. त्यावर उभं राहिलं तर समोर रेलिंग उरतं ५९० एमएम. तुमचा धाकटा त्या दिवशी त्याच कट्ट्यावर उभा राहून आमची पोरं खालून काच कशी आणतायत ते वाकून बघत होता. जुनं लोखंडी रेलिंग तोपर्यंत काढलेलं नव्हतं, ते त्याच्या मांडीपर्यंत येत होतं. मी त्याला हाताला धरून खाली उतरवलं आणि त्यावरून तुम्हाला राग आला, हे माझ्या लक्षात आहे. "आम्ही लक्ष ठेवतो," असं तुम्ही म्हणालात. ठेवत असालच ताई. पण मी त्या दिवशी काचा बसवल्या नाहीत त्याचं कारण ते होतं. कट्टा आतल्या भिंतीकडे सरकवल्याशिवाय मी कामाला हात लावणार नाही असं म्हणालो, तेव्हा माझा आवाज चढला होता. आवाजाबद्दल माफ करा. कट्टा तुम्ही सरकवलात, त्याबद्दल आभार.

आता पैशांचं. तुम्ही विचारलं होतं की त्याच काचा ठेवून पाइप थोडा वर उचलून भागलं नसतं का. नसतं. काच टफन करताना भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून वाऱ्याच्या झोताने झटक्यात थंड करतात. तिची ताकद त्या ताणातूनच येते. म्हणून एकदा टफन झाल्यावर तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, घासून कड बदलता येत नाही. केलं तर सगळी काच एकदम फुटते. पाइप काचेच्या वर उचलायचा तर मधे खुंट्या लागतात, खुंट्यांना भोकं लागतात. खुंट्यांशिवाय नुसता भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकला असता, तर तुमच्या ५.१ मीटरच्या बाल्कनीत चार माणसं टेकली की तो मधे वाकला असता. आणि खालचं चॅनेल काच जवळपास शंभर एमएम धरून ठेवतं. काच त्यातून वर ओढली की पकडच जाते. म्हणून काचा नव्याच करायला लागल्या, १५० एमएम जास्त उंच. आज तुमचं रेलिंग डेकपासून ११४० आहे, टेप लावून बघा.

नव्या काचांचं बिल साडेछप्पन चौरस फुटांचं, ७०० रुपये दराने ३९,५५०. हा कोल्हापूरच्या भट्टीवाल्याचा दर आहे, त्यात माझा रुपया नाही. बिल दादांना पाठवलंय. दुसऱ्यांदा चार काचा नऊ मजले चढवल्या (एकेक पंचावन्न किलोच्या आसपास), त्याची मजुरी मी लावली नाही. आमच्याकडे टफन करायची भट्टी नाही, काच आंबा घाटातूनच येते, आणि ऑर्डर गेल्यापासून सोळा दिवस त्यातच गेले.

पहिल्या भेटीतच तुम्ही म्हणाला होतात की दुसरा फॅब्रिकेटर १२ एमएमची एकेरी टफन काच पाइपाशिवाय, बऱ्याच कमी पैशात लावून देतोय. १२ एमएमची काच कमजोर नसते, हे मीही मान्य करतो. प्रश्न फुटल्यावर काय उरतं हा आहे. टफन काच क्वचित कोणी हात न लावताही फुटते. काच बनताना निकेल सल्फाइडचा डोळ्यांना न दिसणारा कण आत राहून जातो, तो हळूहळू फुगतो आणि महिन्या-वर्षांनी एक दिवस काच जाते. भट्टीवाले काचा पुन्हा काही तास तापवून अशा काचा आधीच फोडून घेतात, त्याने धोका बराच कमी होतो, पण संपत नाही. काही वर्षांपूर्वी मी गिऱ्हाइकाच्या आग्रहावरून एका सातव्या मजल्यावर एकेरी काच लावली होती. दीड वर्षाने भर दुपारी, घरात कोणी नसताना ती फुटली. दाणे सुटे होऊन पडतात असं सगळे म्हणतात. मी खाली जाऊन बघितलं, तर मुठीएवढी ढेकळं एकमेकांना चिकटलेली होती आणि एका स्कूटरचा आरसा तुटला होता. माणूस नव्हता, म्हणून निभावलं. वर रेलिंगच्या जागी सव्वा मीटरचं उघडं भोक. संध्याकाळी त्या घरातल्या आजी आल्या आणि सवयीने तिथे टेकायला गेल्या. सुनेने मागून पदर धरला.

त्यानंतर वरच्या मजल्यावर मी एकेरी काच लावत नाही. तुमच्याकडे आहे ती ८ आणि ८ एमएमच्या दोन टफन काचा, मधे १.५२ एमएमचा पीव्हीबी या चिवट प्लास्टिकचा थर. एक फुटली तर तुकडे त्या थराला चिकटून राहतात आणि दुसरी उभी असते. दोन्ही फुटल्या तर मात्र ती ओल्या गोणपाटासारखी लोंबते, आणि तेव्हा तुम्हाला अडवणारा असतो फक्त तो वरचा पाइप. तो दोन्ही भिंतींत पक्का केलाय आणि चारही काचांच्या माथ्यावरून जातो, म्हणून मधली एक गेली तरी शेजारच्या काचा त्याला धरून ठेवतात. पाइप ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा आहे. साधा ३०४ आपल्या खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळ्यांत चहाचे डाग पडल्यासारखा दिसायला लागतो.

खुर्चीत बसल्यावर पाइप डोळ्यासमोर येतो, हे मात्र तुमचं खरं आहे. ११४० म्हणजे बसलेल्या माणसाच्या नजरेची उंची, आणि हे मी आधी बोलायला हवं होतं. पाइप काढणार नाही, पण त्याच्या जागी कमी उंचीची चपटी पट्टी मिळते का ते बघतो. फरशीचं काम आधी उरकून घ्या असं मी तुम्हाला तोंडी म्हणालो होतो, कोटेशनवर लिहिलं नव्हतं. इथून पुढे तेही लिहून देऊ. पहिल्या चार काचा माझ्या शेडमध्ये गोणपाटात गुंडाळून उभ्या आहेत. कुणाच्या मापाला लागल्या तर येतील ते पैसे तुमचे.

आणि एक राहिलंच. डेकवाल्यांनी चॅनेलच्या खालची पाणी जायची दोन भोकं सिलिकॉनने बुजवली आहेत. पावसाचं पाणी चॅनेलमध्ये साचलं तर काचेच्या कडेने पीव्हीबीत ओल शिरते, कडा दुधाळ होतात आणि थर सुटायला लागतो. कुणाला हात लावू देऊ नका, मीच येऊन मोकळी करून देतो, पैसे नाहीत. या रविवारी सकाळी चालेल का, तेवढं कळवा. फोन मी स्वतः उचलेन.