भाडेकरूचं कुत्रं: 'असू दे' म्हणण्याआधी कागदावर काय घ्याल?

भाडेकरूकडे कुत्रं आहे म्हटलं की बेळगावात टिळकवाडीत काय, शहापुरात काय, घरमालकांची दोनच उत्तरं असतात: 'नको बाबा' किंवा 'असू दे, काय होतंय'. भांडणं जास्त होतात ती दुसऱ्या उत्तरामुळं, कारण कागदावर काहीच नसतं.

जुन्या घरांत ओरखड्यांपेक्षा मुतानं जास्त नुकसान होतं. शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड. मूत सांध्यांतून खाली मुरतं, वरून पुसलं की सगळं कोरडं दिसतं, आणि जूनमध्ये हवा ओली झाली की वास पुन्हा वर येतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये घर परत घेताना कोपऱ्यांतल्या सांध्यांवर आणि चौकटीच्या पायथ्याशी कोमट पाणी शिंपडा, खिडक्या अर्धा तास बंद ठेवा आणि मग आत जाऊन वास घ्या. वास आला तर ॲसिड ओतू नका, त्यानं फरशीच खाल्ली जाते. ब्लीचिंगही नको, मुतातल्या अमोनियाशी मिळून त्याचा छातीला लागणारा वायू होतो. एन्झाइमवालं क्लीनर लावून डब्यावर लिहिलंय तितका वेळ ओलं ठेवावं, गरज पडली तर पुन्हा लावावं.

आता करार. अकरा महिन्यांच्या नेहमीच्या भाडेकराराला एक वेगळं पान जोडा. 'पाळीव प्राण्यास परवानगी' एवढंच लिहिलं तर एकाचे तीन झाले तरी बोलता येत नाही. कुत्र्याची जात, रंग, वय, रेबीज लसीची तारीख लिहा आणि फोटो चिकटवा. दरवर्षी लस टोचल्यावर कार्डाची प्रत द्यायची, जिन्यात पट्ट्याशिवाय सोडायचं नाही, शेजाऱ्याला चावलं तर दवाखान्याचा खर्च भाडेकरूचा, हेही घाला. करार बहुतेक वेळा कन्नड किंवा इंग्रजीत टाइप होतो. सहीआधी हे पान मराठीत वाचून दाखवा, म्हणजे 'मला कळलंच नव्हतं' हा वाद राहत नाही.

जादा डिपॉझिट मूळ रकमेत मिसळू नका. समजा भाडं नऊ हजार आणि डिपॉझिट पन्नास हजार. कुत्र्यासाठी आणखी एक महिन्याचं भाडं, नऊ हजार, वेगळ्या ओळीत लिहा आणि ते परत मिळणारं आहे हेही लिहा. घर सोडताना दाराच्या खालच्या फळीला पॉलिश १,८००, फाटलेली जाळी ७००, फरशी साफ करणं १,५००, असे चार हजार झाले, तर बिलं दाखवून पाच हजार परत करा. रंग जुना झाला म्हणून त्यातून पैसे कापणं मला चुकीचं वाटतं. ती राहण्यातली झीज आहे, कुत्रं नसतं तरी झालीच असती. खर्च नऊ हजारांपलीकडे गेला तर उरलेली रक्कम भाडेकरूनं द्यायची, तेही त्याच ओळीखाली हवं.

आणि हे सगळं टिकतं ते पहिल्या दिवशीच्या फोटोंवर. चाव्या देताना दारांचे खालचे भाग, चौकटी, कोपरे, जाळ्या यांचे फोटो दोघांनी मिळून काढा आणि तिथंच व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवा.