पुरवठादाराला दोन ओळींचा ईमेल पुरेसा नाही

खरेदी विभागात नव्याने येणाऱ्यांना असा सल्ला दिला जातो: ‘सदोष माल पुन्हा पुन्हा येत असेल तर पुरवठादाराला दोन ओळींचा ईमेल टाका: माल खराब आहे, २४ तासांत कायमचा उपाय करा. मोजमापे, फोटो पाठवू नका, तो त्यावरच वाद घालतो. शंभर टक्के तपासणीची हमी मिळाली की प्रकरण बंद.’

आमच्या खरेदी विभागातील एका नव्या सहकाऱ्याने हे अक्षरशः अमलात आणले. बुश या पोकळ दंडगोल भागाच्या भोकाचा व्यास १२.००० ते १२.०१८ मिलिमीटर असायला हवा होता, आणि सलग दोन लॉटमध्ये तो मोठा निघाला. दोन ओळींच्या ईमेलला दुसऱ्याच दिवशी उत्तर आले: ‘ऑपरेटरला समज दिली, सर्व माल तपासला.’ तिसऱ्या लॉटमधील ५०० पैकी ५० नग आम्ही मोजले, तेव्हा सहा नगांचा व्यास १२.०२४ ते १२.०३१ भरला.

सर्वांत घातक आहे ती २४ तासांची अट. तेवढ्या वेळात तयार साठा आणि वाटेतला माल अडवून वेगळा करता येतो, कारण मात्र शोधता येत नाही. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकातील कलम १०.२ हा भेद स्पष्ट ठेवते: आधी दोष आटोक्यात आणायचा, मग त्याचे कारण ठरवून ते दूर करायचे आणि शेवटी उपाय परिणामकारक ठरला का ते पाहायचे. सगळ्याला एकच मुदत दिली की ‘समज दिली’ यापलीकडचे उत्तर मिळणारच नाही. म्हणून दुसऱ्या ईमेलमध्ये आम्ही साठा अडवण्यासाठी २४ तास आणि कारण व उपाय पुराव्यासह कळवण्यासाठी दहा कामकाजी दिवस दिले, आणि पुढील तीन लॉट निर्दोष येईपर्यंत तक्रार खुली राहील, असे लिहिले. दोष का निर्माण झाला आणि तो तुमच्या तपासणीतून का सुटला, हे दोन प्रश्नही स्वतंत्रपणे विचारले. उत्तरात कळले की शीतक द्रवाचा प्रवाह कमी पडल्याने भोक अचूक मापाचे करणाऱ्या रीमर या हत्याराच्या धारेला धातू चिकटत होता व भोक मोठे होत होते, आणि मोजणी पाळीच्या सुरुवातीच्या पाच नगांचीच होत होती. यात ऑपरेटरला समज देण्याने काय सुधारणार होते?

पुराव्यावर वाद होतो, हे अर्धे खरे आहे. आमच्या मापांवरही शंका घेतली गेली. परंतु लॉट व चलन क्रमांक, प्रत्येक नगाचे माप, मापन उपकरणाच्या कॅलिब्रेशनची तारीख आणि खुणा केलेले तीन नग पाठवल्यावर दोन्हीकडे तेच नग मोजले गेले आणि तो वाद तिथेच संपला.

लांबलचक ईमेल वाचला जात नाही, हेही मान्य. त्यासाठी मापांचा तक्ता सोबत जोडावा, मजकुरात दोष, मागणी आणि तारखा एवढेच ठेवावे. शंभर टक्के तपासणी ही तात्पुरती चाळणी आहे. शेकडो नग हाताळणाऱ्या माणसाकडून काही नग सुटतातच, त्यामुळे तिच्या हमीवर आम्ही ही तक्रार बंद केलेली नाही. तीनपैकी दोन लॉट निर्दोष आले आहेत, तिसरा अजून यायचा आहे.