लाँचचा हॉल ठरवण्याआधी वहीत एक रकाना आखा

काल एका ओळखीच्या उद्योजकाचा फोन आला. तळोज्याला छोटा कारखाना आहे, नवीन उत्पादन येतंय, लाँच करायचंय. पहिलाच प्रश्न, "वाशीत चांगला हॉल कुठला?" मी म्हटलं, हॉल नंतर, आधी हे सांगा की सहा महिन्यांनी तुम्ही कुठला आकडा बघून म्हणणार की पैसे वसूल झाले? पलीकडे शांतता. ही शांतता मला चांगली माहीत आहे, कारण दोन वर्षांपूर्वी आमच्याकडेही हेच झालं होतं. म्हणून आज सगळं आकड्यांसकट लिहितोय.

आमची कंपनी रबाळे एमआयडीसीत, पस्तीस माणसांची. आम्ही हाउसिंग सोसायट्यांसाठी पाण्याच्या पंपाचे ऑटोमॅटिक पॅनल बनवतो. खालची टाकी, वरची टाकी, दोन्हींची पातळी बघून पंप आपोआप चालू-बंद होतो. बजेट आणि हिशेब माझ्याकडे असतो.

पहिल्या लाँचला आम्ही ९ लाख ४० हजार खर्च केले. मोठं हॉटेल, मोठं स्टेज, सनईपासून सगळं. हॉटेलला २०० ताटांची गॅरंटी दिली होती. आले १३१. गॅरंटी म्हणजे माणूस येवो न येवो, तेवढ्या ताटांचे पैसे द्यायचेच. ६९ ताटं, प्रत्येकी १,३०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे कोणी न जेवलेल्या जेवणाचे १ लाख ६ हजार. आणि जे १३१ आले त्यांची यादी मी नंतर बसून तपासली. नातेवाईक, बँकेतली मंडळी, आमचे कच्च्या मालाचे पुरवठादार, शेजारच्या गाळ्यांचे मालक. ज्यांच्या सोसायटीत पॅनल बसू शकलं असतं अशी माणसं ३८. मार्चअखेर साहेबांनी विचारलं, "यातून काय मिळालं?" माझ्याकडे व्हिजिटिंग कार्डांचा एक डबा होता, उत्तर नव्हतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण तो पैसा कारखान्यातल्या माणसांच्या घामाचा होता.

या वर्षी नवीन मॉडेल आलं तेव्हा मी हट्टच धरला की उलट्या बाजूने सुरुवात करायची. एका पॅनलची किंमत ६२,०००. त्यातून माल, बसवण्याचा खर्च, प्लंबरचं कमिशन वजा जाता आमच्या हातात २१,००० राहतात. लाँचचा परतावा मोजायचा तो या २१ हजारांवर, ६२ हजारांवर नाही. इथे खूप जण चुकतात. विक्रीचा आकडा खर्चाच्या शेजारी ठेवला की लाँच नेहमीच फायद्यात दिसतो. एकूण बजेट ६ लाख ३० हजार ठरलं. भागिले २१ हजार, म्हणजे ३० पॅनल. तीसही कुठले? लाँच केला नसता तर गेले नसते असे, जादाचे तीस. या "जादाचे" शब्दावर पुढे येतो.

तारीख ठरवताना आम्ही गिऱ्हाइकाचं कॅलेंडर समोर घेतलं. सोसायटीत एवढा खर्च सेक्रेटरी एकटा करत नाही. कमिटी कोटेशनं मागवते, मग विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे जातो, आणि ती सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. सभेची नोटीस आणि विषयपत्रिका ऑगस्टमध्येच ठरायला लागतात. म्हणजे आमचं कोटेशन जुलैअखेर कमिटीच्या हातात हवं. दिवाळीच्या तोंडावर लाँच केला असता तर "पुढच्या वर्षी बघू" हे उत्तर ठरलेलं. म्हणून जुलैचा पहिला आठवडा घेतला. पावसाची धास्ती होती, पण लग्नाचे मुहूर्त सरत आलेले असल्यामुळे हॉटेलवाले त्या दिवसांत भावात बसतात. वार शनिवार, संध्याकाळी पाचला. रविवार मुद्दाम टाळला, कारण मेगाब्लॉक ट्रान्स-हार्बरवर लागला की ठाणे-ऐरोलीकडची माणसं वाशीला यायचा कंटाळा करतात.

खर्चाची वाटणी अशी केली. हॉल आणि जेवण मिळून ताटाला १,४५०, गॅरंटी ९०, जीएसटीसकट १ लाख ५४ हजार. जीएसटी धरला, कारण जेवणावरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, ते आमच्या सीएंनी आधीच बजावलं होतं. बाकीच्या आकड्यांत जीएसटी धरलेला नाही, कारण तो परत वळता होतो. स्टेज, एलईडी भिंत, साउंड १ लाख १० हजार. डेमोची मांडणी ८५ हजार. आमंत्रणं ४८ हजार, मीडियासाठी नेमलेला माणूस ६० हजार, फोटो-व्हिडिओ ४५ हजार, गाड्या आणि किरकोळ २२ हजार. लाँचनंतर तीन महिने सोसायट्यांमध्ये जाऊन डेमो देण्यासाठी ७० हजार वेगळे काढले. ३६ हजार राखीव. त्या ७० हजारांवरून ऑफिसात बराच वाद झाला, कारण ते कार्यक्रमात कुठे दिसत नाहीत. पण पहिल्या वेळी कार्डांचा डबा तसाच पडून राहिला तो नेमका हाच खर्च धरला नव्हता म्हणून.

आता आमंत्रणं. वाशी, नेरुळ, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली आणि ठाण्याचा काही भाग मिळून आम्ही १२० सोसायट्यांची यादी केली. सेल्सवाल्यांना सगळ्यांनाच बोलवायचं होतं. मी विनंती केली की ८० बोलवू, ४० मागे ठेवू. कुठल्या ४० हे आम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवलं, कोणाच्या मर्जीने नाही. मर्जीने निवडलं असतं तर चांगल्या सोसायट्या आमंत्रणात गेल्या असत्या आणि पुढची तुलनाच खोटी ठरली असती. डेमो आणि कोटेशन मात्र दोन्ही गटांना सारख्याच वेळी, त्याच माणसांकडून. फरक फक्त लाँचचा. वहीत प्रत्येक सोसायटीपुढे एक रकाना आखला, "बोलावलं / नाही". हा रकाना हॉलचं बुकिंग करण्याच्या आदल्या दिवशी आखलेला आहे.

सेक्रेटरीच्या नावाने कार्ड टाकलं की ते नोटीस बोर्डावर लागतं आणि तिथेच राहतं, हा आमचा अनुभव. म्हणून या वेळी प्रत्येक सोसायटीत वॉचमनला विचारलं, "पंपाचं कोण बघतं?" कार्ड त्या सभासदाच्या हातात दिलं, दुसरं सेक्रेटरींना. आठवडाभर आधी एक फोन, दोन दिवस आधी दुसरा. पंपाचं काम करणारे ३० प्लंबर आणि कंत्राटदारही बोलावले. "नक्की येतो" म्हणणारे ११८ झाले. तरी गॅरंटी ९०च ठेवली, आणि गॅरंटीच्या वर दहा टक्के ताटं त्याच भावात वाढवून मिळतील हे हॉटेलकडून लेखी घेतलं. पाऊस होताच. आले ८४.

आता त्या ८५ हजारांच्या मांडणीबद्दल. दोन पारदर्शक टाक्या, मधे खरा पंप, खरा पॅनल. भाषणं वीस मिनिटांत आटोपली आणि लोक टाक्यांभोवती जमले. नेरुळचे एक निवृत्त गृहस्थ, सोसायटीचा पंप पंधरा वर्षं तेच बघतात, चष्मा कपाळावर चढवून पॅनलकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "लाइट गेली आणि परत आली, तर हा स्वतः चालू होणार की पोराला खाली पळवायचं?" आमच्या इंजिनियरने काही न बोलता एमसीबी पाडली, दहापर्यंत मोजलं, परत वर केली. पंपाने थोडा वेळ घेतला, मग सुरू झाला. ते गृहस्थ म्हणाले, "परत करा." तीन वेळा करायला लावलं. त्यांच्या सोसायटीने ऑगस्टमध्ये तीन पॅनल घेतले. एलईडी भिंतीवर चाललेल्या आमच्या फिल्मकडे त्या वेळी कोणाचंही लक्ष नव्हतं, हे मी स्वतः बघितलं.

मीडियाबद्दल मला थोडं जोरातच बोलायचंय. पहिल्या वेळी एजन्सीने कात्रणांची फाइल दिली आणि वर लिहिलं, "जाहिरातमूल्य १४ लाख". म्हणजे बातमीने व्यापलेली जागा गुणिले जाहिरातीचा दर. हा आकडा परताव्याच्या रकान्यात घालू नका. २०१० साली एएमईसी या, प्रसिद्धीचं मोजमाप करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने बार्सिलोना तत्त्वं मांडली, त्यात स्पष्ट म्हटलंय की असं जाहिरातमूल्य म्हणजे प्रसिद्धीचं मोल नव्हे. या वेळी पत्रकारांना शनिवारच्या गर्दीत बोलावलंच नाही. दोन दिवस आधी, गुरुवारी सकाळी साडेअकराला रबाळ्याच्या कारखान्यात बोलावलं, म्हणजे बातमी लिहायला दुपार मोकळी. सहा जण आले. प्रेस नोटमध्ये एक वेगळा मोबाइल नंबर छापला, जो आम्ही दुसरीकडे कुठेही दिला नव्हता. त्यावर १७ फोन आले. त्यातले ११ एका मराठी वृत्तपत्राच्या स्थानिक पुरवणीतल्या छोट्या बातमीवरून. इंग्रजी पेपरमधली मोठी बातमी साहेबांनी फ्रेम केली, तिच्यावरून दोन.

३१ ऑक्टोबरला वही मिटवली. बोलावलेल्या ८० सोसायट्यांत ४१ पॅनल गेले. न बोलावलेल्या ४० मध्ये ८. म्हणजे लाँच नसता तरी त्या ८० मध्ये साधारण १६ गेलेच असते. जादाचे २५. गुणिले २१ हजार, ५ लाख २५ हजार. खर्च ६ लाख ३० हजार. पाच पॅनल कमी पडले.

हा आकडा अगदी पक्का आहे असं मी म्हणणार नाही. मागे ठेवलेला गट लहान आहे, तिथला एकेक पॅनल हिशेबात दोनच्या तोलाचा होतो. आठच्या जागी अकरा गेले असते तर जादाचे १९च उरले असते. प्लंबरांकडून आणखी ९ पॅनल आले, पण ते तसेही आले असते का, हे सांगायला तुलनेचा गट नव्हता, म्हणून धरले नाहीत. बातमी वाचून मागे ठेवलेल्या ४० पैकी कोणी फोन केला का, हेही तपासलं. एकाच सोसायटीने केला होता.

साहेबांना हे मांडलं तेव्हा छातीत धडधडत होतं, कारण उत्तर तोट्याचं होतं. त्यांनी वही दोनदा वाचली आणि विचारलं, "एलईडी भिंत एकटी किती?" ७० हजार. ती नसती तर अंतर ३५ हजारांवर आलं असतं.

पुढचं असं ठरलंय. मागे राहिलेल्या ४० सोसायट्यांसाठी हॉल नाही. त्याच पारदर्शक टाक्या टेम्पोत घालून ऐरोलीतल्या एका सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये न्यायच्या, २५ खुर्च्या, चहा, बटाटेवडे. बजेट १८ हजार. चिठ्ठ्या परत टाकणार, २५ सोसायट्या बोलावणार, १५ मागे ठेवणार. रकाना आखून झालाय.